टाकीतून पाणी उपसायच्या गणितात नेमकं कापायचं काय? स्प्रिंगपासून सुरू करून सविस्तर

प्रश्न: फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला आहे. स्प्रिंगचं कार्य kx इंटिग्रेट करून येतं, ते जमतं. पण टाकीतून पाणी उपसायचं गणित आलं की गोंधळ होतो. अंतर y घ्यायचं की 7 − y, त्रिज्या कुठून आणायची, लिमिट ४ पर्यंत की ६ पर्यंत, काहीच ठरत नाही. गणित असं आहे: टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी, उंची ६ मीटर, वरच्या तोंडाची त्रिज्या ३ मीटर, पाणी ४ मीटर खोल, आणि पाणी टाकीच्या काठाच्या १ मीटर वर असलेल्या पाइपातून बाहेर काढायचंय. आणि शेवटी उत्तर बरोबर आलंय का हे मागचं पान न उघडता कसं ओळखायचं?

उत्तर:

तुझं इंटिग्रेशन ठीकच असणार, y² आणि y³ चं इंटिग्रल कुणाचं सहसा चुकत नाही. गाडी अडते ती त्याच्या आधी, म्हणजे तुकडे कशाचे करायचे हे न ठरवताच तू फॉर्म्युला शोधायला लागतोस म्हणून. तर आधी तेवढंच बघू.

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे फक्त तेव्हा चालतं जेव्हा पूर्ण कामात बल एकच आहे आणि अंतरही एकच आहे. यातलं एक जरी बदलत असेल तर गुणाकार थेट करता येत नाही, मग आपण कामाचे इतके बारीक तुकडे करतो की एका तुकड्यापुरतं दोन्ही जवळपास स्थिर धरता येईल. स्प्रिंगमध्ये बदलतं काय, तर बल. जितकी ताणली तितका जोर जास्त. म्हणून तिथे आपण वाटेचे तुकडे करतो, dx एवढी बारीक वाट, आणि त्या वाटेपुरतं बल kx. टाकीत मात्र प्रकरण उलटं आहे. प्रत्येक थेंबाचं वजन काही बदलत नाही, बदलतं ते त्याला वर जायचं अंतर, वरच्या पाण्याला कमी आणि तळाच्या पाण्याला जास्त. म्हणून तिथे तुकडे पाण्याचे, आणि तेही आडवेच, कारण एका आडव्या चकतीतलं सगळं पाणी एकाच उंचीवर असतं, म्हणजे सगळ्याला सारखंच अंतर जायचंय. उभा तुकडा घेतलास तर त्याच्यातच खालचं पाणी आणि वरचं पाणी एकत्र येतं आणि "या तुकड्याला किती अंतर" याला उत्तरच राहत नाही. (प्रत्येक उभ्या खांबाचा मध्य धरून ते करता येतं, पण उगाच डोक्याला ताप.)

आता स्प्रिंग तुला जमते म्हणतोस, तरी एक छोटं उदाहरण करतो, कारण उत्तर तपासायची जी युक्ती टाकीला लागणार आहे ती इथे चटकन दिसते. स्प्रिंगची मूळ लांबी २० सेंमी, ती २५ सेंमीपर्यंत ताणून धरायला ४० न्यूटन लागतात. तर २५ पासून ३० सेंमीपर्यंत ताणायला किती कार्य? k = 40/0.05 = 800 न्यूटन प्रति मीटर. x हा नेहमी मूळ लांबीपासूनचा ताण, स्प्रिंगची लांबी नव्हे, म्हणून लिमिट 0.05 ते 0.10.

```
W = ∫ 800x dx  (0.05 ते 0.10)
  = 400 (0.0100 − 0.0025) = 3 J
```

आता पोरं इथे काय करतात, तर लिमिट म्हणून लांबीच टाकतात, 0.25 ते 0.30, आणि उत्तर येतं ११ ज्यूल. हे चूक आहे हे इंटिग्रल परत न करता कसं कळेल? बघ, या ५ सेंमीच्या वाटेवर बल सुरुवातीला ४० न्यूटन आहे आणि शेवटी ८० न्यूटन. पूर्ण वाट ४० नेच ओढली असती तर २ ज्यूल झाले असते, पूर्ण वाट ८० ने ओढली असती तर ४ ज्यूल. म्हणजे खरं उत्तर २ आणि ४ च्या मध्येच कुठेतरी असलं पाहिजे, ११ येऊच शकत नाही. ही दोन टोकं काढायला अर्धं मिनिट लागतं आणि मी तर सांगतो की इंटिग्रल लिहायच्या आधीच ती काढून मार्जिनमध्ये लिहून ठेव.

स्प्रिंगबद्दल अजून एकच गोष्ट, पुस्तकात सहसा नसते पण लॅबमध्ये भेटते. वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली ताणायची स्प्रिंग असते ना, तिच्यात बनवतानाच थोडा ताण भरलेला असतो, म्हणजे ठरावीक जोर लावेपर्यंत ती उघडतच नाही. समजा ५ सेंमीला ४० न्यूटन लागले आणि १० सेंमीला ८० ऐवजी ६० च, तर F = kx हे तिथे लागू नाही. दोन रीडिंगच्या फरकावरून k काढायचा, 20/0.05 = 400, आणि सुरुवातीचा ताण २० न्यूटन, मग F = 20 + 400x. ५ ते १० सेंमीचं कार्य मग ३ नाही, २.५ ज्यूल. एकाच रीडिंगवर k काढून मोकळं झालं की हे कधी लक्षातच येत नाही, म्हणून प्रॅक्टिकलला किमान दोन तरी रीडिंग घ्यायची.

टाकीकडे जायच्या आधी मध्ये एक दोर टाकतो, कारण दोन्ही प्रकारचे तुकडे त्याच्यावर चालतात आणि म्हणून फरक स्वच्छ दिसतो. विहिरीत १५ मीटर दोर लोंबतोय, मीटरला ०.४ किलो, म्हणजे मीटरला ३.९२ न्यूटन वजन, आणि आपण वर उभं राहून तो पूर्ण वर ओढतोय. वाटेचे तुकडे करायचे तर: y मीटर ओढून झाल्यावर (15 − y) मीटर अजून लोंबतोय, म्हणजे बल 3.92(15 − y), ते ० ते १५ इंटिग्रेट कर. वस्तूचे तुकडे करायचे तर: वरून x मीटर खाली असलेल्या dx तुकड्याचं वजन 3.92 dx आणि त्याला x मीटर वर यायचंय, म्हणजे 3.92x dx, तेही ० ते १५. दोन्हीकडून ४४१ ज्यूलच येतात. दोन्ही पद्धती बरोबर, फक्त एका गणितात एकच धरायची, बल एका पद्धतीचं आणि अंतर दुसऱ्या पद्धतीचं असं केलं की संपलं. म्हणजे कोणी 3.92(15 − y) हे बल पण घेतं आणि त्याला परत x या अंतराने पण गुणतं, तसलं.

आता तुझी टाकी. कागदावर शंकूचा उभा छेद काढ, खाली टोक, वर ६ मीटर रुंद तोंड. टोकाशी y = 0 धर आणि y वरच्या दिशेने मोज. मूळबिंदू कुठेही धरला तरी चालतो पण एकदा धरला की त्रिज्या, अंतर आणि लिमिट या तिन्ही गोष्टी त्याच y मध्ये लिहायच्या. चित्रावर चार उंच्या लिहून ठेव: टोक ०, पाण्याची पातळी ४, काठ ६, पाइपाचं तोंड ७.

आता y उंचीवर dy जाडीची एक चकती. तिच्याबद्दल दोनच प्रश्न विचारायचे, वजन किती आणि कुठवर जायचंय.

वजनासाठी त्रिज्या लागते आणि ती समरूप त्रिकोणातून येते. टोकापासून ६ मीटरवर त्रिज्या ३, तर y मीटरवर त्रिज्या y/2. इथे टाकीचे आकडे वापरायचे, पाण्याचे नाही, कारण भिंतीचा उतार टाकी ठरवते. चकतीचं घनफळ π(y/2)² dy, त्याला ९८०० ने गुणलं की वजन न्यूटनमध्ये (१००० किलो प्रति घनमीटर गुणिले ९.८).

कुठवर जायचंय, तर पाइपाच्या तोंडापर्यंत, ७ मीटरवर. चकती आत्ता y वर आहे, म्हणून अंतर 7 − y. तू विचारलंस ना कधी y आणि कधी 7 − y, तर त्यात पाठ करण्यासारखं काही नाहीये, पोचायची उंची वजा आत्ताची उंची, बस. कोणी मूळबिंदू पाइपाच्या तोंडाशी धरला आणि खाली मोजलं तर अंतर नुसतं x येईल, पण मग त्रिज्या (7 − x)/2 होईल आणि लिमिट ३ ते ७. उत्तर तेच.

लिमिट मात्र पाणी ठरवतं, टाकी नाही. पाणी ० पासून ४ पर्यंत आहे, वरच्या २ मीटरात हवा आहे आणि हवेच्या चकत्या काढून काय करणार. म्हणून ० ते ४.

```
W = ∫ 9800 · π · (y²/4) · (7 − y) dy   (0 ते 4)
  = (9800π/4) [ 7y³/3 − y⁴/4 ]  (0 ते 4)
  = 9800π · 64/3
  ≈ 656,800 J
```

म्हणजे साधारण साडेसहा लाख ज्यूल. आता हे बरोबर आहे का?

पहिली तपासणी स्प्रिंगसारखीच, दोन टोकांची. पाण्याचं घनफळ शंकूच्या सूत्राने 16π/3, म्हणजे सुमारे १६.७६ घनमीटर, वजन सुमारे १,६४,२०० न्यूटन. सगळ्यात वरच्या पाण्याला ३ मीटर जायचंय आणि सगळ्यात खालच्याला ७ मीटर. म्हणून उत्तर 164,200 × 3 आणि 164,200 × 7 च्या मध्ये, म्हणजे ४,९२,६०० आणि ११,४९,४०० च्या मध्ये असलंच पाहिजे. आपलं आहे. आता नेहमीच्या चुका याच चाळणीतून घालून बघ. लिमिट ६ पर्यंत घेतली तर उत्तर १३,८५,००० च्या आसपास येतं, वरच्या टोकाच्या बाहेर. शंकू उलटा धरला, म्हणजे त्रिज्या (6 − y)/2 लिहिली, तर जवळपास ३० लाख येतात, तेही बाहेर. ९.८ ने गुणायचं राहिलं तर ६७,०००, खालून बाहेर. आणि पाइपाचं १ मीटर विसरून 6 − y घेतलं तर उत्तर येतं ४,९२,६००, म्हणजे बरोब्बर खालच्या टोकावर! हा या आकड्यांचा योगायोग आहे पण उपयोगी आहे, कारण उत्तर खालच्या टोकावर तेव्हाच बसेल जेव्हा सगळंच्या सगळं पाणी पृष्ठभागावर असेल, आणि तसं तर ते नाहीये. टोकाला चिकटलेलं उत्तर सुद्धा चूकच समजायचं.

दुसरी तपासणी अजून नेमकी आहे, गुरुत्वमध्याची. सगळं पाणी एकाच उंचीवर न्यायचं असेल तर एकूण कार्य म्हणजे एकूण वजन गुणिले गुरुत्वमध्याला जायचं अंतर. भरीव शंकूचा गुरुत्वमध्य टोकापासून उंचीच्या तीन चतुर्थांशावर असतो, इथे पाणी ४ मीटर म्हणून ३ मीटरवर. ३ वरून ७ वर, म्हणजे ४ मीटर. 164,200 × 4 = 656,800. जुळलं. परीक्षेत हीच पद्धत लिहून मार्क मिळतीलच असं नाही, प्रश्नात चकत्या करून सोडवा म्हटलं असेल तर चकत्याच दाखवायच्या, पण रफमध्ये हे करायला कोण अडवतंय.

एक युनिटची भानगड सांगून ठेवतो कारण अमेरिकन पुस्तकं वापरणाऱ्यांचं इथेच होतं. तिकडे पाणी ६२.४ पाउंड प्रति घनफूट दिलेलं असतं आणि ते आधीच वजन आहे, त्याला परत g ने गुणायचं नाही. आपल्याकडे १००० किलो हे वस्तुमान आहे, त्याला गुणायचं. तेल किंवा रॉकेलची घनता दिली असेल तर युनिट वाच, किलो दिसलं तर ९.८ लागेल, न्यूटन दिसलं तर नाही.

आता एक शंका जी हुशार पोरं हमखास काढतात आणि काढलीच पाहिजे. खरा पंप काय पृष्ठभागावरून एकेक चकती उचलत नाही, त्याचं तोंड तळाशी असतं, तो तळाचंच पाणी ओढतो. मग सगळंच पाणी टोकापासून ७ मीटर चढवावं लागत नाही का? नाही. तळाच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो आणि तो दाब पंपाला मदत करतो. पाइपात पाणी भरलेलं असलं तर ते आपोआप टाकीतल्या पातळीइतकं वर उभं राहणारच, पंपाला फक्त त्या पातळीपासून ७ पर्यंतचं चढवायचं असतं. याला फील्डवर स्टॅटिक हेड म्हणतात. सुरुवातीला पातळी ४ वर म्हणून हेड ३ मीटर, टाकी रिकामी होत आली की हेड ७ मीटर. पातळी y वर असताना dV एवढं पाणी गेलं तर कार्य 9800(7 − y) dV, आणि पातळी dy ने उतरते तेव्हा dV म्हणजे π(y/2)² dy च. म्हणजे इंटिग्रल अक्षरशः तेच आलं. चकत्या हा नुसता हिशेबाचा नकाशा आहे, पंपाने तसंच काढलं पाहिजे असं काही नाही. आणि बघ, अशा पद्धतीने पाहिलं तर टाकी पण स्प्रिंगसारखीच झाली, काम पुढे सरकतंय तसा विरोध वाढत जातोय.

आडवा सिलेंडर, म्हणजे आपला पाण्याचा टँकर, हा दुसरा घाबरवणारा प्रकार, म्हणून तेवढा करून टाकू. त्रिज्या १ मीटर, लांबी ४ मीटर, म्हणजे साधारण साडेबारा हजार लिटर, पूर्ण भरलेला, पाइपाचं तोंड टँकरच्या वरच्या कडेपासून अर्धा मीटर वर. इथे मूळबिंदू तळाशी धरू नकोस, वर्तुळाच्या केंद्राशी धर. y उंचीवरची चकती म्हणजे एक लांब आयत, लांबी ४ आणि रुंदी 2√(1 − y²). केंद्रापासून पाइपाचं तोंड १.५ वर.

```
W = 9800 · 4 · ∫ 2√(1 − y²) · (1.5 − y) dy   (−1 ते 1)
```

कंसाचे दोन भाग कर. १.५ वाला भाग म्हणजे 1.5 गुणिले वर्तुळाचं क्षेत्रफळ, म्हणजे 1.5π, इंटिग्रेट करायलाच नको. y वाला भाग विषम फंक्शन आहे, −१ ते १ मध्ये शून्य. उत्तर 39200 × 1.5π, सुमारे १,८४,७०० ज्यूल. तळाशी मूळबिंदू धरला असतास तर मुळाखाली 2y − y² आलं असतं आणि मग ट्रिग सब्स्टिट्यूशन करत बसला असतास.

हाच टँकर केंद्रापर्यंतच, म्हणजे अर्धा भरलेला असेल तर लिमिट −१ ते ०. आता y वाला भाग शून्य होत नाही, तो 2/3 देतो, आणि उत्तर 39200(0.75π + 2/3), सुमारे १,१८,५०० ज्यूल. पूर्ण टँकरच्या निम्मं केलं असतं तर ९२,३५० आले असते, आणि ते चूक, कारण खालच्या अर्ध्याला जास्त वर यायचंय. पाणी अर्धं म्हणजे कार्य अर्धं हे फार जण डोळे झाकून लिहितात.

शेवटी, हे सगळं कुठे लागू पडत नाही ते पण सांगतो. पंपाचं वीजबिल यावरून काढू नकोस. तुझ्या टाकीचे ६,५६,८०० ज्यूल म्हणजे ०.१८ युनिट, पण ते कमीत कमी आहे, पाइपातलं घर्षण, पाण्याचा वेग आणि पंप-मोटारचं नुकसान यात धरलेलंच नाही. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर लगेच ०.३६ युनिट.

आणि टाकी रिकामी करण्याऐवजी भरायची असेल तर जरा थांबून चित्र बघ. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी खालच्या संपमधून भरतो, तर पुस्तकातलं गणित म्हणतं की प्रत्येक चकती तिच्या तिच्या उंचीपर्यंत न्यायची, म्हणजे वरच्या टाकीच्या गुरुत्वमध्यापर्यंत. हे खरं आहे जर पाइप टाकीच्या तळातून आत येत असेल. पण आपल्याकडे बहुतेक वेळा पाइप वरून, झाकणाजवळून आत येतो, बॉल व्हॉल्व्ह पण तिथेच असतो. मग पहिली बादली असो की शेवटची, सगळ्या पाण्याला त्या तोंडापर्यंत चढावंच लागतं, नंतर ते खाली पडतं आणि ती उंची फुकट जाते. वरच्या टाकीत पाणी कितीही असलं तरी पोचायची उंची तीच, तिथे वरच्या बाजूला चकत्या करायची गरजच नाही, बदलते ती फक्त संपमधली उतरत जाणारी पातळी. म्हणजे चकत्या संपमध्ये करायच्या, आणि अंतर म्हणून संपमधल्या चकतीपासून गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची घ्यायची.